घास अडकेल म्हणून न जेवणारी मुलगी: हा ॲनोरेक्सिया आहे का?

प्रश्न: माझी मुलगी 11 वर्षांची आहे. लहानपणापासून तिचं खाणं मोजकंच, पंधरा-सोळा पदार्थांचं. पाच महिन्यांपूर्वी जेवताना तिच्या घशात ब्रेडचा तुकडा अडकला आणि खोकून खोकून उलटी झाली. तेव्हापासून ती घट्ट काहीच खात नाही. दूध, दही, कुस्करलेला बटाटा, दुधात विरघळवलेली बिस्किटं आणि गाळलेलं सूप, एवढंच. वजन 29 वरून 26 किलोवर आलंय, उंची 138 सेंटिमीटर. नात्यातल्या एका डॉक्टरांनी ॲनोरेक्सियाची शंका काढली. त्यात आईवडिलांनी जेवणाचा ताबा घ्यायचा आणि ताट संपेपर्यंत मुलीला उठू द्यायचं नाही, असं मी वाचलं. आम्ही चार दिवस तसं केलं, दोन-दोन तास बसलो. आता ती जेवणाची वेळ झाली की रडते, आणि दहीसुद्धा सोडलंय. नवरा म्हणतो, हट्ट आहे, भूक लागली की खाईल. आम्ही नेमकं काय करायचं?

उत्तर: निदानाच्या चर्चेआधी या आठवड्यात एक काम करा. मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन नाडी, रक्तदाब आणि तापमान मोजून घ्या. नाडी आणि रक्तदाब झोपलेल्या आणि उभं राहिलेल्या, अशा दोन्ही स्थितींत बघायला सांगा. तिची उंची आणि वजन धरलं तर बीएमआय 13.7 येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात 11 वर्षांच्या मुलींचा मधला बीएमआय 17 च्या थोडा वर आहे. म्हणजे ती त्याच्या साधारण 80 टक्क्यांवर आहे. हे कुपोषण आहे, आणि ते 75 टक्क्यांच्या आसपास गेलं की बहुतेक तज्ज्ञ रुग्णालयात दाखल करण्याचा विचार करतात. दिवसा जागेपणी नाडी 50 च्या खाली असणं, चक्कर येऊन पडणं, लघवी फार कमी होणं किंवा पातळ पदार्थही नाकारणं यांतलं काहीही दिसलं, तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

त्याच भेटीत घशाचाही निकाल लावून घ्या. घास अडकण्याची भीती मनात असू शकते, तशी तिला शारीरिक कारणंही असतात. अन्ननलिकेला ॲलर्जीची सूज येते, तिला इओसिनोफिलिक इसोफेजायटिस म्हणतात. त्यात घट्ट घास खरोखरच अडकतो, आणि अशी मुलं वर्षानुवर्षं हळू खातात, खूप चावतात, घासागणिक पाणी पितात. मुलीला दमा, एक्झिमा किंवा ॲलर्जी असेल, किंवा घास छातीत थांबल्यासारखा वाटत असेल, तर डॉक्टरांना हे नाव घेऊन विचारा. पाणी पितानाच खोकला येत असेल किंवा पिऊन झाल्यावर आवाज ओला, घरघरता होत असेल, तर गिळण्याची तपासणी आधी व्हायला हवी. सीलिॲक, थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12 आणि डी जीवनसत्त्व यांच्या चाचण्या एकाच रक्तनमुन्यात होतात. पाच महिने दुधावर काढलेल्या मुलीत लोह आणि सी जीवनसत्त्व कमी असण्याची शक्यता मोठी, कारण दुधात ही दोन्ही फारशी नसतात. पाय दुखणं, हिरड्यांतून रक्त येणं, अंगावर सहज निळे डाग पडणं असं काही दिसत असेल तर ते न विसरता सांगा.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही लिहिलेल्या चित्राला आर्फिड हे नाव अधिक जुळतं. अव्हॉइडंट रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर याचं हे आद्याक्षरांचं रूप. 2013 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या पाचव्या निदानपुस्तिकेत हे निदान आलं आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही त्याचा समावेश झाला. नखरेल खाणारी मुलं घरोघरी असतात. खाणं टाळण्यामुळे वजन किंवा वाढ अडली, पोषणाची कमतरता झाली, मूल नळीने दिलेल्या अन्नावर किंवा पोषक पेयांवर अवलंबून राहिलं, किंवा शाळा आणि मित्रमंडळींमधलं त्याचं जगणं विस्कळीत झालं, तर त्याला आर्फिड म्हणतात. यांपैकी एक गोष्ट असली तरी पुरते. टाळण्यामागे तीन प्रकारची कारणं असतात: चव-वास-पोत सहन न होणं, भूक आणि रस मुळातच कमी असणं, आणि खाल्ल्याने काहीतरी वाईट होईल ही भीती. तुमच्या मुलीत पहिलं कारण हलक्या रूपात लहानपणापासून होतं आणि तिसरं त्यावर येऊन बसलं, असं दिसतं. अशी सरमिसळ नेहमीच आढळते. पंधरा पदार्थांच्या मुलीला घाबरून दहा पदार्थ सोडावे लागले, तर हातात पाचच उरतात.

ॲनोरेक्सियाशी फरक कुठे? वजनाच्या काट्यावर तो दिसत नाही, दोघींचंही वजन घटतं. तो दिसतो काय टाळलं जातं आणि कशासाठी टाळलं जातं, यात. ॲनोरेक्सियात मुलगी जाड होण्याला घाबरते. म्हणून ती आधी लोणी, गोड, तळलेलं सोडते आणि सूप, कोशिंबीर, फळं यांवर येते. घास अडकण्याला घाबरणारी मुलगी नेमकं उलटं करते. सायीचं दूध, आइस्क्रीम, लोणी घातलेला मऊ बटाटा तिला चालतो आणि सफरचंदाची फोड चालत नाही. म्हणून घरी बघण्यासारखी सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे भरपूर उष्मांकाचं पातळ पेय. आर्फिडच्या या प्रकारात ते मुलीला सुटकेसारखं वाटतं, ॲनोरेक्सियात तेच सगळ्यात मोठं संकट असतं. चवीच्या कारणाने तिने ते नाकारलं तर ती वास, रंग, जाडसरपणा याबद्दल बोलेल. त्यात काय-काय घातलंय आणि किती घातलंय याची चौकशी करणार नाही.

एक प्रश्नही विचारून बघा. जेवणाच्या वेळी नको, गप्पांच्या ओघात: 'समज, काहीही न खाता, एका रात्रीत तुझं गेलेलं तीन किलो वजन परत आलं, तर चालेल?' आर्फिडची बहुतेक मुलं 'हो' म्हणतात, काही तर पटकन उंच व्हायचंय म्हणतात. प्रश्न ऐकून मुलगी गप्प झाली, चिडली, किंवा 'तीन नको, एकच' अशी घासाघीस करू लागली, तर मात्र सावध व्हा. याशिवाय आरशात पोट-मांड्या न्याहाळणं, सैल कपड्यांत लपणं, जेवणानंतर येरझाऱ्या किंवा उड्या, अन्न लपवणं, इतरांना आग्रहाने खाऊ घालणं यांकडे लक्ष ठेवा. मात्र यातल्या एकाच खुणेवरून निकाल लावू नका. अकरा-बारा वर्षांच्या मुलींना वजनाची भीती शब्दांत मांडता येतेच असं नाही. 'पोट दुखतं', 'घशात अडकतं' या आडोशामागेही कधीकधी ॲनोरेक्सिया असतो. निदान करणारे तज्ज्ञ म्हणूनच मुलीशी एकटीशी आणि तुमच्याशी वेगळं बोलतात आणि ठरलेली प्रश्नावली वापरतात. आर्फिडसाठी पार्डी नावाची मुलाखत आणि नायास नावाची नऊ प्रश्नांची छोटी चाचणी आहे. तुमच्या डॉक्टरांना यांची माहिती आहे का, हे विचारण्यात काही गैर नाही.

आता त्या चार दिवसांबद्दल. तुम्ही वाचलेली पद्धत खरी आहे. फॅमिली-बेस्ड ट्रीटमेंट, म्हणजे कुटुंबाच्या आधाराने उपचार, ही लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या कामातून पुढे आली. किशोरवयीन ॲनोरेक्सियासाठी तिचा पुरावा आज सगळ्यात भक्कम आहे. आर्फिडसाठी तिची सुधारित आवृत्ती वापरली जाते, पण त्यावरचे अभ्यास अजून छोटे आहेत. या पद्धतीचा गाभा असा: आजार आईवडिलांमुळे झालेला नाही, मूल आणि आजार वेगळे आहेत, आणि आत्ता मूल स्वतःहून बाहेर पडू शकत नाही म्हणून खाण्याची सूत्रं आईवडिलांनी हातात घ्यायची. हे तिन्ही मुद्दे आर्फिडलाही तसेच लागू होतात. बदलतं ते ताटात काय येतं आणि किती वेगाने येतं. ॲनोरेक्सियात मुलीला एकेकाळी आवडणारे, पण आता भीतीदायक झालेले पदार्थ आईवडील बऱ्याचदा सुरुवातीपासूनच ताटात परत आणतात, कारण तिला ते गिळता येतात, ती त्यांचे परिणाम नाकारत असते. तुमच्या मुलीला घास गिळताना जीव जाईल असं खरोखर वाटतं. तिच्यासमोर दोन तास तेच ताट ठेवलं की भीती दोन तास टिपेला राहते आणि शेवटी ती न खाता उठते. मेंदूने यातून शिकलेला धडा असा असतो की न गिळल्यामुळे मी वाचले. मग जेवणाच्या खोलीची, वेळेची, ताटातल्या शेजारच्या दह्याचीही भीती बसते. दही तसंच गेलं. ते परत येतं, साधारण दोन-तीन आठवडे त्याचा विषय न काढता.

तुमच्या पतींचा समज मात्र मी इतक्या सौम्यपणे घेणार नाही. 'भूक लागली की खाईल' हे बहुतेक मुलांच्या बाबतीत खरं आहे, पण आर्फिडच्या व्याख्येतच बसतात ती मुलं ज्यांच्या बाबतीत ते खोटं ठरलं. शिवाय कुपोषणात पोट हळू रिकामं होतं, चार घासांत गच्च वाटतं आणि भुकेचा इशारा आणखी मंदावतो. वाट बघण्याने भूक वाढण्याऐवजी मरते. आणि हट्ट म्हणावा तर हट्टाने मुलाला काहीतरी मिळतं. इथे तिला वाढदिवसाचा केकही मिळत नाहीये. कुटुंबाच्या उपचारात दोघं आईवडील एका सुरात असणं ही सोयीची बाब नाही, उपचाराचं हत्यारच ते आहे. एकजण 'संपव' म्हणतो आणि दुसरा 'राहू दे' म्हणतो, तेव्हा मुलीची भीती नेहमी दुसऱ्याच्या बाजूने जाते. म्हणून खालची आखणी दोघांनी मिळून कागदावर लिहा आणि मतभेद मुलीच्या मागे, रात्री मिटवा.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: आधी प्रमाण, मग गमावलेले पदार्थ, आणि सगळ्यात शेवटी नवे पदार्थ. बहुतेक घरांत हे उलटं होतं. मूल घसरत असताना घरातले भाज्यांसाठी झगडत राहतात.

प्रमाणाचं गणित मांडून बघू. पाच महिन्यांत तीन किलो म्हणजे रोजची तूट फार मोठी नव्हती, 150 किलोकॅलरीच्या आसपास. आजच्या खाण्यावर रोज 500 किलोकॅलरी वाढवल्या तर त्यातल्या 150 तूट भरण्यात जातील आणि उरलेल्या 350 मधून आठवड्याला 300 ते 350 ग्रॅम वजन चढेल. तिचं लक्ष्य 29 किलो नाही, कारण या पाच महिन्यांत ती वाढायला हवी होती. नेमकं लक्ष्य डॉक्टर तिच्या जुन्या वाढीच्या आलेखावरून काढतील. तक्त्यातल्या मधल्या रेषेवरून ते काढू नये, कारण ती आधीपासून सडपातळ असेल तर तीच तिची रेषा. साडेतीस किलो धरले तर साडेचार किलो भरून काढायचे आहेत, म्हणजे तीन ते चार महिने. एक अडचण आधीच सांगून ठेवते: नीट खायला मिळू लागलं की शरीर जास्त ऊर्जा जाळू लागतं, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा थांबू शकतो. त्याला अपयश समजू नका, रोज आणखी 200 ते 300 किलोकॅलरी वाढवा.

हे 500 आणायचे कुठून? ती आज जे खाते त्यातूनच. दिवसातल्या तीन पेले दुधात प्रत्येकी दोन मोठे चमचे दूध पावडर घातली की सुमारे 225 होतात. बटाट्यात एक मोठा चमचा लोणी म्हणजे 100, सुपात दोन छोटे चमचे तेल म्हणजे 80 ते 90, आणि एका पेल्यात दुधाबरोबर अगदी बारीक फिरवलेलं एक केळं म्हणजे आणखी 100. बेरीज पाचशेच्या थोडी वर जाते, आणि पोटात जाणारा आकार जवळजवळ तेवढाच राहतो. पण हे सगळं एका दिवसात करू नका आणि चोरून तर मुळीच करू नका. चव आणि पोताबाबत संवेदनशील मुलाला अर्धा चमचा पावडरही कळते. लपवलेलं सापडलं की त्या पदार्थावरचा विश्वास जातो आणि पाचातला एक कमी होतो. तिच्यासमोर अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा, दोन दिवस तेवढंच ठेवा, मग वाढवा. एका वेळी एकाच पदार्थात बदल करा. केळं सगळ्यात शेवटी, कारण त्याने पोत बदलतो.

ती रोज काही ना काही खात आली आहे, त्यामुळे एवढी वाढ साधारणपणे सुरक्षित असते. पाच किंवा जास्त दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नसेल तर गोष्ट वेगळी. उपाशी शरीराला एकदम अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायक पातळीला घसरू शकतं. तेव्हा सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीत, रक्ततपासण्यांसह करावी लागते.

दिवसाचं वेळापत्रक तीन जेवणं आणि तीन मधली खाणी असं ठेवा, दर तीन तासांनी एक. मधल्या वेळात फक्त पाणी. घुटका-घुटका दूध दिवसभर पीत राहणारी मुलं कधीच भुकेली होत नाहीत आणि कधीच पोटभर जेवतही नाहीत. जेवणाला 30 मिनिटं, मधल्या खाण्याला 15. काय आणि किती, हे तुम्ही ठरवायचं. पदार्थ मात्र तिला जमणाऱ्यांतलेच. कोणीतरी मोठं माणूस शेजारी बसून स्वतःही खातंय, असं असावं. गप्पा शाळेच्या, मांजराच्या, कशाच्याही असू द्या, फक्त घासांच्या नकोत. 30 मिनिटांत संपलं नाही तर उरलेल्याची भरपाई पेयाने करा: अर्धा बटाटा राहिला तर पावडर घातलेलं अर्धा पेला दूध. आवाज न चढवता आणि भाषण न देता. तेही नाकारलं तर जेवण संपलं, पुढचं तीन तासांनी ठरल्या वेळी. सलग दोन दिवस निम्म्याहून जास्त राहत असेल तर ती माहिती डॉक्टरांना कळवण्याची आहे.

मुलगी रडेल, 'तू मला मारणार आहेस' म्हणेल. अशा वेळी मुलगी आणि आजार वेगळे धरण्याचा खरा उपयोग होतो. त्या भीतीला तिलाच एखादं नाव देऊ द्या आणि मग राग त्या नावावर काढा. धाकटं-मोठं भावंड असेल तर त्याला पहारेकरी करू नका, त्याचं काम जेवणानंतर तिच्याशी खेळणं एवढंच.

दोन आठवडे हे वेळापत्रक स्थिर झालं की गमावलेले पदार्थ परत आणायला सुरुवात करा. वजन पूर्ण भरायची वाट इथे बघू नका, कारण घट्ट पदार्थांची भीती हाच तिच्या प्रमाणातला अडसर आहे. हे काम जेवणात करायचं नाही. रोज वेगळी 10 ते 15 मिनिटं ठेवा, पोट अगदी रिकामं किंवा अगदी भरलेलं नसताना. मुलीबरोबर बसून पायऱ्या लिहा आणि प्रत्येकीला तिच्या भीतीचे 0 ते 10 गुण द्यायला सांगा. उदाहरणार्थ, घट्ट दही 2, कुस्करलेलं केळं 3, केळ्याचा वाटाण्याएवढा तुकडा 4, मऊ शिजवलेल्या भाताचा अर्धा चमचा 5, उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा 6, दुधात एकदाच बुडवलेलं बिस्किट 6, कोरडं बिस्किट 8, ब्रेडचा मऊ भाग 9, ब्रेडची कड 10. ब्रेड शेवटी येतो आणि यायलाच हवा. तो कायमचा गाळला तर भीतीचं मूळ तसंच राहतं.

सुरुवात 2 किंवा 3 गुणांच्या पायरीवर. एका बसण्यात तोच छोटा घास पाच-सहा वेळा. दरवेळी घास घेण्याआधी 'काय होईल असं वाटतंय?' आणि गिळल्यावर 'काय झालं?' एवढंच विचारा, उत्तरं तिच्याच अक्षरात लिहून ठेवा. भीती जाण्याचं काम या दोन रकान्यांतला फरक करतो. भीतीचे गुण निम्म्यावर आले आणि तसे दोन-तीन दिवस टिकले की वरची पायरी. पायरी जमली नाही तर तुकडा लहान करा, पदार्थ बदलू नका. सराव पूर्ण केल्याबद्दल बक्षीस ठेवायचं तर ते लहान आणि त्याच दिवशी मिळणारं असावं, आणि प्रयत्नासाठी असावं. आइस्क्रीम हे बक्षीस नको, ते तिच्या उष्मांकांचा भाग आहे.

इथे बहुतेक घरांत एक गोष्ट बिघडते आणि ती बाहेरून प्रेमळ दिसते. मूल विचारतं, 'अडकणार नाही ना?' आई म्हणते, 'नाही गं, मी आहे ना.' पाच मिनिटांनी पुन्हा तेच. प्रत्येक खात्रीने भीती क्षणभर उतरते आणि पुढच्या घासाला आणखी मोठी खात्री मागते. घासागणिक पाणी पिणं, पन्नास वेळा चावणं, गळा चाचपणं, कोणी मोठं असेल तरच गिळणं, ही सगळी त्याच जातीची संरक्षक कवचं. ही कवचं असेपर्यंत तिला वाटतं, पाण्यामुळे वाचले. म्हणून प्रश्नाला दिवसात एकदाच उत्तर द्या: 'हे आपण बोललोय. भीती वाटतेय हे मला दिसतंय, आणि तुला हा घास जमेल.' पुढच्या वेळी याच वाक्याचा उत्तरार्ध फक्त. पाणी एकदम काढू नका. आधी दर घासाला, मग दर तीन घासांना, मग शेवटी एकदा. पेला हाताला लागणार नाही असा ठेवला की निम्मं काम होतं.

नवे पदार्थ म्हणजे भाज्या, फळं आणि तिच्या पंधरांच्या बाहेरचं जग. त्याची घाई करू नका. वजन मार्गावर आलं आणि जुने पदार्थ बऱ्यापैकी परतले की आठवड्याला एक पदार्थ घ्या. बघणं, हात लावणं, वास, जिभेचं टोक, चावून थुंकणं आणि मग गिळणं, अशा क्रमाने. साधारण मुलांनाही नवी चव रुळायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा लागतात. तिला त्याहून जास्त लागतील. तिसऱ्या दिवशी 'हिला आवडतच नाही' असा निष्कर्ष काढला जातो आणि पदार्थ कायमचा बाद होतो, हे या टप्प्यावरचं नेहमीचं अपयश.

हे सगळं घरच्या घरी एकट्याने करायचं नाही. बालरोगतज्ज्ञ, खाण्याच्या विकारांवर काम करणारे बालमानसतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ असे तिघे असावेत. पहिल्या भेटीतच थेरपिस्टना विचारा: 'तुम्ही आम्हा दोघांना सत्रात घेता का? दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात आमचं एक जेवण तुमच्यासमोर घेता का?' कुटुंबाच्या उपचारात ते जेवण असतं. तज्ज्ञ तिथे मुलीपेक्षा तुमच्याकडे अधिक बघतात: कोण कधी माघार घेतं, कोण किती बोलतं. मुलीला आठवड्यातून एकदा एकटीला भेटून 'आता बरं वाटतंय का?' विचारणारी थेरपी या वयात आणि या वजनावर पुरत नाही. औषधांचंही सांगते. आर्फिडसाठी मान्यता मिळालेलं एकही औषध नाही. भूक वाढवणारी किंवा चिंता कमी करणारी औषधं काही मुलांत मदतीला दिली जातात, पण तो निर्णय डॉक्टरांचा. मुलगी एकाग्रतेसाठी आधीच एखादं औषध घेत असेल तर मात्र सांगा, कारण त्यातली काही भूक मारतात.

वजन आठवड्यातून एकदाच, त्याच काट्यावर, सकाळी, हलक्या कपड्यांत. आर्फिडच्या मुलीला आकडा सांगायला सहसा हरकत नसते, उलट 'वाढलं' म्हणून ती खूश होते. तिची ही प्रतिक्रिया टिपून ठेवा. वजन चढताना काही मुलींत नव्यानेच आकाराची चिंता डोकावते, विशेषतः वयात येताना आणि 'किती छान बारीक झालीस' असं कोणी बोलून गेलं असेल तर. 27-28 किलोवर आल्यावर ती लोणी नाकारू लागली, काट्यावर चढताना गप्प झाली किंवा पेयातले घटक वाचू लागली, तर निदान पुन्हा तपासायला सांगा. त्यानंतर आखणी बदलते: पायऱ्यांचा सराव मागे पडतो आणि ताटाबद्दल तुमची ठाम भूमिका पुढे येते.

शाळेत एका विश्वासू शिक्षकांना एवढंच सांगा, की तिला मधल्या सुट्टीत 15 मिनिटं बसून तिचाच डबा आणि तिचंच पेय संपवू द्यावं, आणि कोणी 'एक घास खाऊन बघ' म्हणू नये. आणि सर्दी, घसा दुखणं किंवा उलट्या झाल्या की ती दोन-तीन पायऱ्या खाली घसरेल, हे गृहीत धरा. बरं वाटल्यावर दोन दिवस खालच्या पायरीवर थांबा, तिसऱ्या दिवशी तोच सराव पुन्हा सुरू करा. वेळापत्रक आणि पेय आजारपणातही चालूच ठेवा.